पगारवाढीची कट-ऑफ तारीख : उशिरा रुजू झालेल्याच्या वाट्याला तुकडा का येतो?

बहुतेक मोठ्या खासगी कंपन्यांत पगारवाढ वर्षातून एकदा होते आणि ती सगळ्यांना एकाच तारखेपासून लागू होते. आपल्याकडे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते, म्हणून ही तारीख बरेचदा १ एप्रिल असते. काही कंपन्या १ जानेवारी किंवा १ जुलै धरतात. माणसे मात्र वर्षभर येत राहतात. कोणी मे महिन्यात रुजू होतो, कोणी ऑक्टोबरात, कोणी फेब्रुवारीत. एप्रिल उजाडतो तेव्हा त्यांपैकी एकाची दहा-अकरा महिन्यांची नोकरी झालेली असते आणि दुसऱ्याची जेमतेम सहा आठवड्यांची. वाढ कोणाला पूर्ण द्यायची, कोणाला अंशतः आणि कोणाला पुढच्या वर्षापर्यंत थांबवायचे, हे ठरवण्यासाठी जी सीमारेषा आखली जाते, तिला कट-ऑफ तारीख म्हणतात.

नेहमी आढळणारी मांडणी साधारण अशी असते. वाढ १ एप्रिलपासून लागू होणार असेल, तर आधीच्या ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांना ती पूर्ण मिळते. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या तीन महिन्यांत आलेल्यांना कामाच्या महिन्यांच्या प्रमाणात मिळते. १ जानेवारीनंतर आलेल्यांचा त्या वर्षी विचार होत नाही, त्यांची पहिली वाढ पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. तारखा कंपनीगणिक बदलतात. काही ठिकाणी मधला टप्पाच नसतो, एका तारखेच्या आत आलात तर पूर्ण आणि पुढे आलात तर शून्य. तर काही ठिकाणी कोणतीही रेषा न आखता वर्षभरात आलेल्या प्रत्येकाला महिन्यांच्या हिशेबाने वाढ देतात. या प्रमाणशीर वाढीला एचआरच्या भाषेत प्रो-राटा इन्क्रिमेंट म्हणतात.

रेषा का आखावी लागते?

पहिले कारण मूल्यमापनाचे. वार्षिक वाढ कामगिरीच्या रेटिंगशी बांधलेली असते आणि रेटिंग द्यायचे तर काम पाहायला काही काळ हाताशी असावा लागतो. अप्रेझलचे अर्ज जानेवारी ते मार्चच्या दरम्यान भरले जातात. डिसेंबरच्या मध्यावर आलेला माणूस तेव्हा कामाची ओळखच करून घेत असतो आणि त्याचा प्रोबेशनचा काळही संपलेला नसतो. त्याला रेटिंग द्यायचेच ठरवले, तर वरिष्ठ बहुधा मधले रेटिंग लिहून मोकळा होतो. अशा रेटिंगला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे कारण बाजारभावाचे. जुन्या कर्मचाऱ्याचा पगार मागच्या एप्रिलमध्ये ठरलेला असतो. वर्षभरात महागाई वाढते, त्याच कामासाठी बाहेर मिळणारे पगारही वर सरकतात. वार्षिक वाढीचा एक भाग हे अंतर भरून काढण्यासाठी असतो. नोव्हेंबरमध्ये आलेल्याचा पगार मात्र नोव्हेंबरच्याच भावाने ठरलेला असतो, त्यामुळे एप्रिलपर्यंत त्याचे फार तर चार-पाच महिन्यांचे अंतर पडलेले असते. त्यालाही पूर्ण वर्षाची वाढ दिली, तर जी भरपाई पगार ठरवतानाच झाली तीच पुन्हा दिल्यासारखे होते, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो.

तिसरे कारण पैशाचे आहे. वाढीसाठी वापरायची रक्कम एका ठरावीक दिवशी पात्र असलेल्यांच्या एकूण पगारावर काढली जाते. समजा, एका विभागात शंभर माणसे आहेत, प्रत्येकाचा पगार महिना ६०,००० रुपये आणि त्यांतली पंधरा माणसे कट-ऑफनंतर आलेली आहेत. उरलेल्या पंच्याऐंशी जणांचा एकूण पगार ५१ लाख. व्यवस्थापनाने ९ टक्के वाढ मंजूर केली तर विभागाच्या हाती महिना ४,५९,००० रुपये येतात. हीच रक्कम शंभर जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ९ ऐवजी ७.६५ टक्के येतील. म्हणजे उशिरा आलेल्यांना पूर्ण वाढ द्यायची तर व्यवस्थापनाने जास्त पैसे मंजूर करायला हवेत, नाहीतर वर्षभर राबलेल्यांच्या वाढीतून ती कापून घ्यावी लागेल.

अंशतः वाढीचा हिशेब

प्रमाणशीर वाढ काढण्याचे गणित सोपे आहे. पूर्ण वर्षासाठी ठरलेला वाढीचा टक्का घ्यायचा, त्याला कामाच्या महिन्यांनी गुणायचे आणि बाराने भागायचे. येईल तो टक्का सध्याच्या पगारावर लावायचा. वर्षाची वाढ ९ टक्के असेल, तर दर महिन्याच्या नोकरीमागे पाऊण टक्का पदरात पडतो.

वर सांगितलेल्या मांडणीच्या एका कंपनीत अ, ब आणि क असे तीन कर्मचारी आहेत असे धरू. तिघांचे काम एकसारखे, पगार ६०,००० रुपये आणि रेटिंगही एकच, ज्याला ९ टक्के वाढ ठरली आहे. अ रुजू झाला १६ सप्टेंबरला, ब १८ नोव्हेंबरला आणि क ८ जानेवारीला.

अ कट-ऑफच्या आत आहे. त्याला पूर्ण ९ टक्के मिळतात आणि १ एप्रिलपासून पगार ६५,४०० रुपये होतो. क रेषेपलीकडे आहे, त्याचा पगार ६०,००० वरच राहतो. ब मधल्या टप्प्यात येतो आणि त्याच्या बाबतीत नोव्हेंबर महिना मोजायचा की नाही, हा प्रश्न उभा राहतो. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत रुजू झालेल्याचा तो महिना पूर्ण धरायचा आणि नंतर आलेल्याचा सोडून द्यायचा, असा नियम अनेक ठिकाणी असतो. त्या नियमाने ब चे डिसेंबर ते मार्च असे चार महिने भरतात. वाढ ३ टक्के, नवा पगार ६१,८०० रुपये. कंपनी दिवस मोजत असेल, तर १८ नोव्हेंबर ते ३१ मार्च असे १३४ दिवस होतात. ३६५ दिवसांच्या हिशेबाने वाढ ३.३ टक्क्यांच्या आसपास जाते आणि पगार सुमारे ६१,९८२ रुपये होतो. ब तीन दिवस आधी, म्हणजे १५ नोव्हेंबरला आला असता, तर महिने मोजणाऱ्या पद्धतीत त्याचे पाच महिने धरले गेले असते. वाढ ३.७५ टक्के आणि पगार ६२,२५० रुपये झाला असता.

या फरकाचा परिणाम एका वर्षात संपत नाही. अ आणि ब यांच्या पगारात आता महिना ३,६०० रुपयांचे अंतर आहे. पुढच्या दोन्ही एप्रिलमध्ये दोघांना ९ टक्केच वाढ मिळाली असे धरले, तर दुसऱ्या वर्षी हे अंतर ३,९२४ रुपये होते आणि तिसऱ्या वर्षी सुमारे ४,२७७ रुपये. टक्केवारी सारखी असली तरी ती वेगवेगळ्या आकड्यांवर लागते, म्हणून अंतर रुंदावत जाते. तीन वर्षांची बेरीज १,४१,००० रुपयांच्या वर जाते. दोघांच्या रुजू होण्यात अंतर होते फक्त नऊ आठवड्यांचे.

बोनसची विभागणी आणि पगारवाढीची विभागणी यांत फरक आहे तो इथेच. वार्षिक बोनस किंवा व्हेरिएबल पेसुद्धा महिन्यांच्या प्रमाणात दिला जातो. चार महिने काम केले तर चार महिन्यांचा बोनस, तिथे हिशेब मिटतो आणि पुढच्या वर्षी पूर्ण बोनस मिळतो. पगारवाढ मात्र मूळ आकड्यातच मिसळते. कमी मिळालेली वाढ पुढच्या प्रत्येक वाढीचा पाया खाली ठेवते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मूळ वेतनावर चालतो, त्यामुळे मूळ वेतन कमी राहिले की त्यांच्यावरही थोडाफार परिणाम होतो.

खरे नुकसान कोणाचे?

वरचे आकडे पाहिले की ब वर अन्याय झाला असे वाटते. पण तुलना कोणाशी करायची, यावर उत्तर बदलते. दर महिन्याला पाऊण टक्का हे माप तिघांनाही लावून, दुसऱ्या एप्रिलपर्यंत कोणाच्या पदरात किती पडले ते पाहावे.

दुसरा एप्रिल येतो तेव्हा ब ची साडेसोळा महिन्यांची नोकरी झालेली असते. मापाप्रमाणे त्याला साधारण १२.४ टक्के वाढ मिळायला हवी. प्रत्यक्षात आधी ३ आणि मग ९ टक्के मिळून त्याचा पगार ६७,३६२ रुपये झालेला असतो, म्हणजे सुरुवातीपेक्षा १२.२७ टक्के जास्त. जेवढे काम, जवळपास तेवढी वाढ. अ ची नोकरी साडेअठरा महिन्यांची असते. त्याला मापाप्रमाणे १४ टक्क्यांच्या आसपास मिळायला हवेत, पण दोन पूर्ण वाढी मिळून त्याचा पगार ७१,२८६ रुपयांवर, म्हणजे १८.८ टक्के वर गेलेला असतो. क ची नोकरी पावणेपंधरा महिन्यांची, त्याचे माप ११ टक्के, आणि मिळालेले फक्त ९.

थोडक्यात, अंशतः वाढ मिळालेला माणूस न्यायाच्या सर्वांत जवळ असतो. फायदा होतो तो रेषेच्या किंचित आत असलेल्याचा, कारण साडेसहा महिन्यांच्या कामावर त्याला बारा महिन्यांची वाढ मिळते. तोटा होतो तो रेषेपलीकडच्याचा, कारण पहिल्या एप्रिलपर्यंतचे त्याचे महिने कुठेच मोजले जात नाहीत. नाराजीचा सूर मात्र बहुधा मधल्या गटातून येतो. हातात पडलेला तुकडा डोळ्यांना दिसतो, न मोजलेले महिने दिसत नाहीत.

रेषेवरची उडीही लक्षात घेण्याजोगी आहे. याच कंपनीत ३० सप्टेंबरला रुजू झालेल्याचा पगार एप्रिलमध्ये ६५,४०० रुपये होतो. १ ऑक्टोबरला आलेल्याचे सहा महिने धरले जातात, वाढ साडेचार टक्के आणि पगार ६२,७०० रुपये. एका दिवसाच्या फरकाला महिना २,७०० रुपये मोजावे लागतात. दुसऱ्या टोकालाही अशीच, पण लहान उडी आहे. ३१ डिसेंबरला आलेल्याला जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचे सव्वादोन टक्के, म्हणजे १,३५० रुपये मिळतात, आणि १ जानेवारीला आलेल्याला काहीच नाही.

हा दोष कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे रेषा न आखता प्रत्येकाला महिन्यांप्रमाणे वाढ देणे. त्यात १६ सप्टेंबरला आलेल्यालाही सहा-साडेसहा महिन्यांचीच वाढ मिळेल आणि उडी राहणार नाही. दुसरा म्हणजे क सारख्यांचे न मोजलेले महिने पुढच्या वर्षी जोडून देणे. ८ जानेवारीपासून त्याचे दुसऱ्या एप्रिलपर्यंत पंधरा महिने धरले, तर ९ टक्क्यांच्या पंधरा बारांश, म्हणजे ११.२५ टक्के वाढ होते आणि पगार ६५,४०० ऐवजी ६६,७५० रुपये होतो. त्याला वाढ उशिरा मिळते, पण बुडत नाही.

सरकारी नोकरीतली तारीख

हीच अडचण सरकारी सेवेतही आली होती आणि तिथे ती वेगळ्या रीतीने सोडवली गेली. सरकारी वेतनवाढ अंशतः मिळत नाही. वेतनश्रेणीतली पुढची पायरी मिळते किंवा मिळत नाही, त्यामुळे सगळा प्रश्न थांबण्याच्या काळाचा होतो.

सहाव्या वेतन आयोगाआधी केंद्रीय कर्मचाऱ्याची वेतनवाढ त्याच्या स्वतःच्या तारखेप्रमाणे होई. सेवेचे वर्ष ज्या महिन्यात पूर्ण होई, त्या महिन्याच्या १ तारखेपासून वाढ लागू होई. प्रत्येकाला बरोबर वर्षाने वाढ मिळे, पण कार्यालयाला बाराही महिने कोणाची ना कोणाची वेतननिश्चिती करत बसावे लागे. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या सुधारित वेतनाच्या नियमांनी सगळ्यांसाठी १ जुलै ही एकच तारीख ठरवली आणि त्या दिवशी किमान सहा महिने सेवा झालेली असावी, अशी अट घातली.

अटीतून लगेच उडी तयार झाली. १ जानेवारी २००७ ला रुजू झालेल्याचे १ जुलै २००७ ला सहा महिने पूर्ण होत, त्यामुळे त्याला पहिली वाढ सहा महिन्यांतच मिळे. २ जानेवारीला आलेल्याचा एक दिवस कमी पडे आणि त्याला १ जुलै २००८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा महिने थांबावे लागे.

सातव्या वेतन आयोगानंतरच्या २०१६ च्या नियमांनी १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखा ठेवल्या. २ जानेवारी ते १ जुलै या काळात नेमणूक झालेल्याला पहिली वाढ पुढच्या १ जानेवारीला मिळते आणि २ जुलै ते १ जानेवारी या काळातल्याला पुढच्या १ जुलैला. उदाहरणार्थ, वेतन स्तर ६ वर ३५,४०० रुपयांच्या मूळ वेतनावर १ जुलैला रुजू झालेला कर्मचारी सहा महिन्यांनी ३६,५०० रुपयांवर जातो. २ जानेवारीला आलेल्याला त्यासाठी वर्षभराला एक दिवस कमी इतके थांबावे लागते. उडी संपलेली नाही, पण थांबण्याची कमाल मर्यादा अठरा महिन्यांवरून बारा महिन्यांवर आली. वाढीच्या तारखा दुप्पट केल्या की उडी निम्मी होते. वर्षातून दोनदा पगारवाढ करणाऱ्या खासगी कंपन्यांनाही हाच अनुभव येतो.

नोकरीच्या शेवटी हा प्रश्न उलट बाजूने आला. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने वर्षभराची सेवा पूर्ण केलेली असे, पण वाढीच्या दिवशी, म्हणजे १ जुलैला, तो सेवेत नसे. त्यामुळे ती वाढ त्याला नाकारली जाई आणि निवृत्तिवेतन कमी आकड्यावर ठरे. कर्नाटकातल्या सरकारी वीज पारेषण महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. वेतनवाढ ही झालेल्या वर्षाच्या सेवेबद्दल कमावलेली असते, दुसऱ्या दिवशी निवृत्ती आहे म्हणून ती नाकारता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

हे तत्त्व खासगी नोकरीला जसेच्या तसे लावता येत नाही. सरकारी वेतनवाढ सेवानियमांत लिहिलेली असते. खासगी क्षेत्रात दरवर्षी पगार वाढवलाच पाहिजे असे सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. किमान वेतनाचे दर सरकार वेळोवेळी बदलते ते वेगळे, आणि कामगार संघटनेशी करार झालेला असेल तर तो करार कंपनीला पाळावा लागतो. बाकी सगळे नेमणूकपत्र आणि कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. म्हणून कट-ऑफबद्दलची खरी बोलणी रुजू होण्याआधीच करायची असतात.

नोकरी बदलताना पडणारी दुहेरी खिंड

वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत नोकरी बदलणाऱ्याला कट-ऑफचा फटका दोन्हीकडून बसतो. आयटीसारख्या क्षेत्रात दोन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड नेहमीचा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस राजीनामा दिलेला माणूस जानेवारीच्या अखेरीस नव्या ठिकाणी पोचतो. जुन्या कंपनीतली येणाऱ्या एप्रिलची वाढ हातची जाते, कारण तो तिथे नसतो. नव्या कंपनीतही ती मिळत नाही, कारण तो कट-ऑफनंतर आलेला असतो. मागची वाढ गेल्या एप्रिलमध्ये झालेली आणि पुढची थेट पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, म्हणजे दोन वार्षिक वाढींत सलग दोन वर्षांचे अंतर पडते.

नोकरी बदलताना मिळालेली वाढ तपासायची ती हे ध्यानात ठेवून. जुना पगार ५०,००० रुपये आणि नवा ६०,००० म्हणजे २० टक्के वाढ, असे ऑफर लेटर वाचणारा म्हणतो. पण तो जुन्या ठिकाणीच राहिला असता आणि एप्रिलमध्ये त्याला ९ टक्के मिळाले असते, तर पगार ५४,५०० रुपये झाला असता. त्या आकड्याशी तुलना केली, तर ६०,००० ही वाढ १० टक्क्यांच्या थोडी वर भरते. फायदा नाही असे नाही, पण २० टक्क्यांतला जवळपास अर्धा भाग हुकलेल्या एप्रिलची भरपाई करण्यात जातो. एचआरकडून कित्येकदा ‘ऑफरमध्ये एप्रिलची वाढ धरलेली आहे’ असे ऐकायला मिळते. ते खरे आहे का, हे याच हिशेबाने तपासता येते.

अशा वेळी तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे ईमेलवर घ्यावीत. पहिली वाढ कोणत्या तारखेपासून मिळेल? ती पूर्ण, अंशतः की शून्य? शून्य असेल तर सुटलेले महिने पुढच्या वर्षी जोडले जातील का? रुजू होण्याची तारीख कट-ऑफच्या दोन-चार दिवसच पुढे जात असेल, तर जुन्या कंपनीकडून थोडे लवकर मोकळे होता येते का, हेही पाहावे. वरच्या उदाहरणात एका दिवसाचे मोल महिना २,७०० रुपये होते. तारीख बदलणे शक्य नसेल, तर सुरुवातीच्या पगारातच भर मागणे हा दुसरा मार्ग. एकरकमी जॉइनिंग बोनसने मात्र हे भरून निघत नाही, कारण तो पायात मिसळत नाही.

पत्र हाती आल्यावर

वाढीचे पत्र कमी टक्का दाखवते तेव्हा तो कमी रेटिंगमुळे आहे की कमी महिन्यांमुळे, हे पत्रावरून नेहमी कळत नाही. उलटा हिशेब केला की ते उघड होते. नव्या पगाराला जुन्याने भागून वाढीचा टक्का काढायचा, त्याला बाराने गुणायचे आणि धरलेल्या महिन्यांनी भागायचे. ब च्या बाबतीत ३ टक्क्यांना बाराने गुणून चारने भागले की ९ येतात. त्याच रेटिंगच्या इतरांना ९ टक्के मिळाले असतील, तर हिशेब बरोबर आहे. उत्तर ७ किंवा ६ आले, तर एकतर रेटिंग वेगळे आहे किंवा महिने चुकीचे धरले गेले आहेत.

महिने चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कंत्राटी म्हणून काम केलेला माणूस नंतर कायम झाला, तर त्याची रुजू तारीख बहुधा कायम झाल्याच्या दिवसाची धरली जाते आणि आधीचे महिने गळतात. त्याच उद्योगसमूहातल्या दुसऱ्या कंपनीत बदली झाली की नव्या कंपनीच्या नोंदीत नवी तारीख चढते, तिथे सलग सेवा धरली आहे की नाही हे बदलीच्या पत्रात पाहावे लागते. वाढ कोणत्या आकड्यावर लावली, तेही महत्त्वाचे. एकूण सीटीसीत व्हेरिएबल पे आणि कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा धरलेला असतो. म्हणून सीटीसीवरचे ३ टक्के हातात येणाऱ्या पगारात तितकेच दिसतील असे नाही. सीटीसीची जुन्या सीटीसीशी आणि स्थिर पगाराची जुन्या स्थिर पगाराशीच तुलना करावी.

पत्र उशिरा येणे ही नेहमीची गोष्ट. वाढ १ एप्रिलपासून लागू असते आणि पत्र मे-जूनमध्ये हाती पडते. तेव्हा आधीच्या महिन्यांचा फरक थकबाकी म्हणून एकत्र मिळायला हवा. ब ला जूनच्या पगारापासून नवा आकडा लागू झाला, तर एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचे मिळून ३,६०० रुपये सॅलरी स्लिपवर एरिअर्सच्या ओळीत दिसायला हवेत. काही कंपन्या मात्र मधल्या गटाला अंशतः वाढ देण्याऐवजी पूर्ण वाढ उशिराच्या तारखेपासून, म्हणजे १ जुलै किंवा १ ऑक्टोबरपासून देतात. तिथे एप्रिलची थकबाकी मागण्याचा प्रश्न येत नाही. त्या पद्धतीत पहिल्या काही महिन्यांचा फरक जातो, पण पगाराचा पाया पूर्ण वाढतो. दीर्घ मुदतीत ती अंशतः वाढीपेक्षा फायद्याची ठरते. ब ला ३ टक्के एप्रिलपासून आणि ९ टक्के ऑक्टोबरपासून यांतून निवड करायची असती, तर पहिल्याच आर्थिक वर्षात पहिल्या पर्यायाने २१,६०० आणि दुसऱ्याने ३२,४०० रुपये जास्तीचे मिळाले असते, शिवाय पुढच्या एप्रिलची वाढ ६५,४०० रुपयांवर लागली असती.